स्लायडिंग गेट अर्ध्यातून परत का फिरतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोड या भागांतल्या टेनामेंट आणि बंगल्यांच्या गेटच्या मोटरी मी दुरुस्त करतो. पावसाळा ओसरला की एकच तक्रार सगळीकडून येते: गेट निघतं, मधे थांबतं आणि आल्या वाटेने परत जातं. खालची उत्तरं मुख्यतः २३० व्होल्टच्या एसी मोटरसाठी आहेत. गेटला दातेरी रॅक, मोटरला पिनियन हे छोटं दातेरी चाक आणि आत कंट्रोल बोर्ड, अशी ही रचना असते. घरगुती गेटांना आपल्याकडे बहुतेक हीच दिसते. २४ व्होल्टच्या डीसी मोटरचं उत्तर वेगळं दिलं आहे.

गेट मधेच उलट फिरतंय, म्हणजे मोटर जळली का?

नाही. जळलेली मोटर उलट फिरत नाही, ती नुसती गप्प बसते किंवा गुणगुणते. उलट फिरणं हा बोर्डाने घेतलेला निर्णय असतो. त्याला कुठून तरी खबर मिळाली की पुढे जाऊ नये, आणि तो मागे वळला. ही खबर देणारे मुख्यतः तिघे आहेत: टोकाची जागा सांगणारा लिमिट स्विच, गेटसमोरच्या वाटेवर नजर ठेवणारा फोटोसेल, आणि मोटर अडखळली हे ओळखणारी अडथळ्याची यंत्रणा. मिस्त्रीला बोलावण्याआधी यातला खबऱ्या कोण ते शोधता येतं, आणि त्यासाठी झाकण उघडायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

मग उभं राहून नेमकं काय बघायचं?

सगळ्यात आधी थांबणं आणि उलट फिरणं यांच्यात किती वेळ जातो ते मोजा. मोबाईलवर व्हिडिओ काढलात तर फार उत्तम.

गेट थांबलं आणि सेकंदाभरात मागे निघालं, तर ती अडथळ्याची किंवा फोटोसेलची खबर आहे. थांबलं, पंधरा-वीस-तीस सेकंद शांत उभं राहिलं आणि मग मागे निघालं, तर अडथळ्याचा काही संबंध नाही. तिथे बोर्डाची समजूत झालेली असते की गेट पूर्ण उघडलं. मग तो ऑटो क्लोजची ठरवून दिलेली वेळ संपायची वाट बघतो आणि इमानदारीने बंद करायला घेतो. उघडताना अर्ध्यात थांबून, दर वेळी तितक्याच सेकंदांनी परत येणारं गेट दिसलं की मी थेट लिमिट स्विचकडे वळतो. खात्री करायची असेल तर ऑटो क्लोज बंद करा. मग गेट अर्ध्यात थांबेल आणि तिथेच उभं राहील.

दुसरं म्हणजे जागा. भिंतीवर किंवा ट्रॅकशेजारी खडूची रेघ मारा आणि पाच वेळा चालवा. दर वेळी त्याच रेघेवर थांबत असेल तर दोष ट्रॅकमध्ये, रॅकमध्ये किंवा त्या जागी ताणल्या जाणाऱ्या वायरमध्ये आहे. जागा बदलते पण निघाल्यापासूनचे सेकंद तेवढेच राहतात, असं असेल तर बोर्डाने शिकलेली चालण्याची वेळ संपतेय, कारण गेट आता पूर्वीपेक्षा हळू चालतंय. गेट कुठेही उभं असो, निघाल्यावर दोनेक सेकंदांतच थांबतं, तर मोटरचा वेग मोजणाऱ्या एन्कोडरची वायर किंवा त्याचं लोहचुंबक बघावं लागतं.

तिसरं म्हणजे आवाज, आणि यात कान फसवत नाही. अडथळा ओळखून फिरणाऱ्या गेटचा आवाज आधी जड होतो, मोटर दबल्यासारखी घुमते आणि मग सुटते. फोटोसेलमुळे फिरणारं गेट मात्र अगदी मोकळं, एकसुरात चालताना अचानक थांबतं. आधी कसलीही कुरकुर नसते.

लिमिट स्विच मधेच खोटी खबर कशी देतो?

स्प्रिंगच्या लिमिटमध्ये मोटरमधून एक लवचीक दांडी वर आलेली असते, आणि रॅकच्या दोन्ही टोकांना लावलेल्या पट्ट्या तिला एका बाजूला ढकलतात. मॅग्नेटिक प्रकारात पट्ट्यांऐवजी दोन लोहचुंबकं असतात आणि आत रीड किंवा हॉल सेन्सर असतो. दोन्हींचं काम एकच. बहुतेक बोर्डांवर लिमिटचा संपर्क एरवी जुळलेला असतो आणि टोकाला पोचल्यावर सुटतो. म्हणून मधल्या प्रवासात दोन्ही लिमिटचे एलईडी पेटलेले दिसतात आणि टोकाला त्यातला एक विझतो.

यात एक तोटा आहे. वायर कुठे सैल झाली, कनेक्टरमध्ये मुंग्यांनी घर केलं किंवा दमटपणाने पिन हिरवी पडली, तरी बोर्डाला तेच दिसतं जे टोकाला दिसतं: संपर्क सुटला. मग तो अर्ध्यात थांबतो. तपासायला झाकण उघडून गेट चालवा आणि फक्त त्या दोन दिव्यांकडे बघा. गेट मधे असताना एखादा क्षणभर जरी लुकलुकला तरी चोर सापडला. झाकण उघडं असताना बोर्डावर २३० व्होल्ट जिवंत असतात. हात खिशात ठेवा आणि लांबून बघा.

बंद होताना खोटं लिमिट आलं तर गेट थांबतं पण परत फिरत नाही. बोर्डाच्या हिशेबी ते बंद झालेलं असतं. बंद होताना तुमचं गेट लगेच उलट फिरत असेल तर लिमिटच्या मागे वेळ घालवू नका.

कंडेन्सर कमजोर झाला तर गेट हळू चालेल, पण उलट का फिरेल?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच चुकीचा खर्च होतो. लोक बोर्ड बदलतात आणि दोष काही रुपयांच्या कंडेन्सरमध्ये निघतो.

गेटच्या सिंगल फेज मोटरमध्ये सारख्याच दोन वाइंडिंग असतात. बोर्ड एकीला थेट वीज देतो आणि दुसरीला ती कंडेन्सरमधून, थोडी पुढे सरकवून मिळते. या सरकवण्यामुळेच मोटरमध्ये फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. उलट दिशा हवी असली की बोर्ड वाइंडिंगची अदलाबदल करतो, म्हणून उघडणं आणि बंद होणं या दोन्हींसाठी एकच कंडेन्सर पुरतो. त्यावर १६ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट असं काहीसं छापलेलं असतं. वर्षानुवर्षं उन्हात तापून त्याची क्षमता घटते. क्षमता घटली की मोटर फिरते, पण तिचा जोर जातो.

आता बोर्डाच्या बाजूने बघा. मोटर अडखळली हे तो तिच्या वेगावरून ओळखतो. मोटरच्या शाफ्टवर एक छोटं लोहचुंबक फिरतं आणि शेजारचा हॉल सेन्सर त्याचे ठोके मोजतो. तोच एन्कोडर. काही बोर्डांत एन्कोडर नसतो, ते प्रवाह किंवा वाइंडिंगवरचं व्होल्टेज बघून अंदाज बांधतात. कसंही मोजलं तरी बोर्डाला एवढंच कळतं की ठोके मंदावले. ते समोर माणूस आल्यामुळे मंदावले की मोटरचा जोर संपल्यामुळे, हे त्याला कळायला मार्ग नाही. तो अडथळा मानतो आणि मागे फिरतो.

म्हणून कमजोर कंडेन्सरचं गेट जिथे थोडा जास्त जोर लागतो तिथे परत फिरतं: ट्रॅकचा जोड, किंचित चढ, किंवा टोकाजवळचा संथ टप्पा. त्या संथ टप्प्यात बोर्ड मोटरला मुद्दाम कमी वीज देतो, त्यामुळे उरलासुरला जोरही जातो. सकाळी पहिल्यांदा नीट चालून चौथ्या-पाचव्या फेरीला अडणं हीदेखील याचीच खूण. आणि अगदी ठळक खूण म्हणजे बटण दाबल्यावर मोटर नुसती घुमते आणि हाताने गेटला जरासा धक्का दिला की चालू लागते.

संध्याकाळी व्होल्टेज उतरत असेल तर याच लक्षणात भर पडते. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. २३० चे १९० झाले की जवळजवळ एक तृतीयांश जोर गेला.

दोष ट्रॅकचा की मोटरचा, हे कसं वेगळं करायचं?

मोटर सोडवून गेट हाताने ओढा. मेन स्विच बंद करा, किल्लीने मोटर अनलॉक करा. त्याआधी दोन्ही टोकांचे लोखंडी स्टॉपर जागेवर आहेत हे डोळ्यांनी बघा. मोकळं केलेलं गेट स्टॉपर नसेल तर ट्रॅकवरून उतरून अंगावर पडतं, आणि तीन-चारशे किलोचं लोखंड एकट्याने सावरत नाही. ट्रॅकला उतार असेल तर सोडवताच ते आपोआप धावतं, तेव्हा दोघं जण लागतात.

प्रवासाच्या बॅगा तोलायचा डिजिटल काटा घरी असला तर तो गेटला अडकवून सावकाश, एकसारख्या वेगाने ओढा. बेअरिंगची चाकं आणि स्वच्छ ट्रॅक असेल तर ४०० किलोच्या गेटला साधारण ८ ते १२ किलोचा ओढा पुरतो. निघताना थोडा जास्त लागणं ठीक आहे. मधेच एखाद्या जागी आकडा दुप्पट झाला तर तिथे वाकून बघा. सगळीकडेच मोकळं असेल आणि तरी मोटरवर अडत असेल, तर मग कंडेन्सर.

एक गोष्ट या परीक्षेत निसटते. मोटर सोडवल्यावर पिनियन मोकळा फिरतो, म्हणून रॅक कुठे दाबून बसली असली तर हाताला कळत नाही. रॅक आणि पिनियनच्या दातांत सगळीकडे १ ते २ मिलिमीटर फट हवी. चाकं झिजली की गेट खाली बसतं, फट संपते आणि गेटचं वजन पिनियनवर येतं.

एखादं प्रत्यक्ष उदाहरण सांगाल का?

मांजलपूरच्या एका टेनामेंटमधल्या काकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, "अरे, झांपा बंद होता होता परत उघडतो. रात्री दोनदा उठून बघितलं." गेट १४ फुटी, वजन चारशे किलोच्या आसपास. त्याआधी कुणीतरी येऊन बोर्डावरचा फोर्स, म्हणजे अडथळा मानण्याआधी गेट किती दाबेल ती मर्यादा, पूर्ण वाढवून गेला होता, आणि फोटोसेलच्या दोन टर्मिनलांत वायरचा तुकडा घालून तो निकामी करून ठेवला होता. तरीही गेट फिरतच होतं.

आम्ही दोघांनी मिळून पाच फेऱ्या बघितल्या. दर वेळी बंद होताना, दोन तृतीयांश वाट संपल्यावर, त्याच वीतभर जागेत आधी आवाज जड व्हायचा आणि सेकंदात गेट उलटायचं. उघडताना ते तिथेच कण्हायचं पण पार व्हायचं. फोटोसेल तर त्या वायरीने आधीच निकामी केलेला, म्हणजे खबर अडथळ्याच्या यंत्रणेची होती. अडलं नाही त्या फेरीला पूर्ण प्रवासाला २७ सेकंद लागले. बसवलं तेव्हा २३ लागायचे, हे मोटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेलं होतं.

मोटर सोडवून काट्याने ओढलं. सगळीकडे ९ ते १० किलो, आणि त्या जागी २२. वाकून बघितलं तर ट्रॅकचे दोन तुकडे जिथे जोडलेत तिथे पावसाच्या गाळाचा सुकून दगड झालेला थर, आणि खाली वेल्डिंगचा उंचवटा. गाळ स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढला, उंचवटा ग्राइंडरने सपाट केला. काटा १० वर आला.

काकूंना वाटलं काम झालं. मलाही वाटलं असतं, पण ते २७ सेकंद डोक्यात होते. गाळ एका जागी होता, गेट मात्र सगळीकडेच हळू होतं. म्हणून सलग फेऱ्या मारल्या. तीन नीट झाल्या, चौथ्या फेरीला बंद होताना शेवटच्या संथ टप्प्यात गेट दबलं आणि परत फिरलं. कंडेन्सर काढून मल्टिमीटरवर मोजला: छापील १६ मायक्रोफॅरड, प्रत्यक्षात ९.८. नवा १६ चा टाकल्यावर पूर्ण प्रवास २३ सेकंदांत, आणि सलग दहा फेऱ्या विनातक्रार.

त्यानंतर फोर्स खाली आणला, फोटोसेलची ती वायर काढली आणि तो पुन्हा चालू केला. निघताना मी काकूंना सांगितलं, की त्या वायरीमुळे इतके दिवस गेटसमोर नातू उभा असता तरी गेटला दिसला नसता. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

फोर्स वाढवून काम चालतंय, मग काय हरकत आहे?

हरकत अशी की फोर्स वाढवल्याने मूळ दोष जात नाही, आणि गेट समोरच्याला दाबतं तेव्हा बोर्ड उशिरा ऐकतो. युरोपच्या ईएन १२४५३ या मानकात बंद होणाऱ्या कडेसमोर अर्ध्या मीटरपर्यंतची फट उरली असेल तर आघाताची मर्यादा ४०० न्यूटन आहे, म्हणजे सुमारे ४० किलोचा दाब. तोही पाऊण सेकंदाच्या आत १५० न्यूटनच्या खाली आला पाहिजे. फोर्स शेवटापर्यंत फिरवलेलं गेट ही मर्यादा सहज ओलांडतं.

बरोबर क्रम असा: आधी ट्रॅक आणि कंडेन्सर ठीक करा, मग फोर्स सगळ्यात खाली नेऊन थोडा थोडा वाढवा. गेट न अडता सलग पाच फेऱ्या करू लागलं की थांबा. जे बोर्ड प्रवास शिकतात त्यांना या दुरुस्तीनंतर पुन्हा शिकवावं लागतं, नाहीतर जुन्या जड गेटचा हिशेब तसाच राहतो. तपासायला गेटच्या वाटेत पुठ्ठ्याचं रिकामं खोकं ठेवा आणि बाजूला उभे राहा. खोकं फोटोसेलच्या किरणाच्या खाली राहील असं बघा, म्हणजे अडथळ्याच्याच यंत्रणेची परीक्षा होते. खोकं चेपून सपाट व्हायच्या आत गेट परत फिरलं पाहिजे. हाताने अडवून बघू नका.

फक्त संध्याकाळीच किंवा फक्त पावसात परत फिरतं. का?

हा फोटोसेल. पश्चिमेकडे तोंड असलेल्या रिसीव्हरवर मावळतीचं ऊन सरळ पडलं की त्याला समोरच्या ट्रान्समीटरचा किरण ओळखता येत नाही, आणि तो वाट अडली असं सांगतो. दोघांची जागा आपसांत बदलली की उपाय होतो. पावसाळ्यात काचेवर वाफ धरते, आत किडे शिरतात, कोळी जाळं विणतो. कोरड्या फडक्याने पुसा, वायरच्या भोकाला सिलिकॉन लावा. उत्तरायणानंतर आठवडाभर मी फोटोसेलच्या आधी पिनियन बघतो, कारण तुटलेला मांजा पिनियनला आणि चाकांच्या बेअरिंगला गुंडाळलेला सापडतो. तो फिरवून निघत नाही, ब्लेडने कापूनच काढावा लागतो.

कंडेन्सर घरी बदलता येईल का?

विजेचं काम हाताखालून गेलेलं असेल तर येईल, नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. मेन बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये झटका देण्याइतका चार्ज राहू शकतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्याने त्याच्या दोन टोकांवर काही सेकंद धरा, मगच हात लावा. वायर काढण्याआधी फोटो काढा.

नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच आणि ४५० व्होल्टचा रनिंग कंडेन्सर घ्या. दुकानदार १६ ऐवजी २५ चा देऊन जोर वाढेल म्हणाला तरी घेऊ नका. जास्त क्षमतेने वाइंडिंग तापते, आत बसवलेला थर्मल कट मोटर बंद करतो, आणि मग गेट अर्ध्यात थांबून वीस-पंचवीस मिनिटं हलतच नाही. पंपाचा स्टार्टिंग कंडेन्सर तर मुळीच नको. तो काही सेकंदांसाठीच बनवलेला असतो.

नवा कंडेन्सर टाकल्यावर गेट टोकाला आपटून परत येतं. आता काय?

दुरुस्ती बरोबर झाली आहे. गेट पुन्हा जोरात चालू लागलं, त्यामुळे लिमिट लागल्यावरही आधीपेक्षा पुढे घसरतं, स्टॉपरला टेकतं आणि बोर्ड त्याला अडथळा समजतो. लिमिटची पट्टी किंवा लोहचुंबक तीन-चार सेंटिमीटर अलीकडे घ्या. गेट पूर्ण थांबल्यावर स्टॉपरपासून बोटभर फट राहायला हवी.

गेट लिमिट ओलांडून दोन्ही टोकांना आपटत असेल तर मात्र मोटरच्या वायरी उलट लागल्या आहेत. गेट उघडत असताना बोर्ड बंदच्या लिमिटची वाट बघतोय. मोटरच्या दोन दिशांच्या वायरी आपसांत बदला.

२४ व्होल्टच्या डीसी मोटरला हे सगळं लागू होतं का?

ट्रॅक, लिमिट आणि फोटोसेलबद्दलचं सगळं लागू होतं. कंडेन्सरचं नाही, कारण या मोटरला तो नसतोच. तिथे बोर्ड मोटर किती प्रवाह ओढते ते मोजून अडथळा ओळखतो. कंडेन्सरच्या जागी संशयित म्हणून झिजलेले कार्बन ब्रश आणि थकलेली बॅटरी येतात. वीज असताना नीट चालणारं गेट वीज गेल्यावरच अर्ध्यात थांबत असेल, तर चालू मोटरवर बॅटरीचं व्होल्टेज मोजा. उभ्या गेटवर २५ दाखवणारी जोडी मोटर निघताच २० च्या खाली कोसळली, तर दोन्ही बॅटऱ्या एकदमच बदलाव्या लागतात. एक नवी आणि एक जुनी लावली तर जुनी नवीलाही खेचून खाली आणते.